डेबिट कार्डावर नाव अर्धवट का छापून येतं, आणि नवं कार्ड मागवण्याआधी काय तपासायचं

मी एका बँकेच्या शाखेत कार्डांचं टेबल सांभाळतो. नवीन कार्डाचं पाकीट फोडल्यावर लोक ज्या तक्रारी घेऊन परत येतात, त्यांत पिनच्या खालोखाल नावाची तक्रार असते. "साहेब, माझं आडनावच गायब झालंय" हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय, की आता समोरच्याने कार्ड पुढे करायच्या आतच अंदाज येतो. कारणं मोजकीच आहेत. ती ओळखायला फार काही लागत नाही, पण क्रम चुकला की शुल्क भरून मागवलेलं दुसरं कार्डही तसंच येतं.

लक्षणं

आधी तुमची तक्रार यांपैकी कोणती, ते बघा.

- नाव शब्दाच्या मधेच तुटलंय. शेवटच्या शब्दाची दोन-चार अक्षरंच उरलीत.
- नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव पूर्ण आहे, आडनाव मात्र अजिबात नाही.
- मधल्या नावाचं फक्त पहिलं अक्षर आलंय, बाकी सगळं ठीक.
- नावाआधी MR, SHRI किंवा SMT आहे आणि शेवट कापलाय.
- नाव छापलेलंच नाही, किंवा नावाच्या जागी VALUED CUSTOMER असं काहीतरी आहे.
- लांबी बरोबर आहे, पण स्पेलिंग चुकलंय.

यातलं तिसरं लक्षण म्हणजे बिघाड नाही. नाव बसत नाही म्हटल्यावर मधलं नाव आद्याक्षरावर आणायचं, हे कुणीतरी ठरवून केलेलं काम आहे आणि ते बरोबर आहे. पाचव्या लक्षणात कापण्याचा प्रश्नच नाही. खातं उघडल्या उघडल्या हातात मिळणारं कार्ड आधीच बनवून शाखेत ठेवलेलं असतं. ते कुणाला जाणार हे बनवताना माहीत नसतं, म्हणून त्यावर नाव नसतं. नावाचं कार्ड हवं असेल तर वेगळी मागणी करायची, एवढंच. सहावं लक्षण वेगळ्या जातीचं, त्याबद्दल शेवटी बोलू. उरलेली तीन मात्र एकाच कारणाची तीन रूपं आहेत.

पहिली तपासणी: खरंच काही करायला हवं का?

ही फुकट आहे, म्हणून पहिली.

एटीएममध्ये किंवा दुकानातल्या मशीनवर व्यवहार मंजूर होताना कार्डाचा क्रमांक, मुदत, चिपने त्या व्यवहारापुरता तयार केलेला सांकेतिक आकडा आणि तुमचा पिन या गोष्टी पाहिल्या जातात. नाव त्या तपासणीत नसतं. काळ्या चुंबकीय पट्टीवर माहितीच्या दोन ओळी असतात. त्यातल्या ज्या दुसऱ्या ओळीवर एटीएमचा व्यवहार चालत आला, तिच्यात नाव मुळातच नाही. ऑनलाइन पैसे भरताना 'कार्डावरील नाव' असा रकाना येतो खरा, पण आपल्याकडे मंजुरी मिळते ती क्रमांक, मुदत, सीव्हीव्ही आणि ओटीपीवर. त्या रकान्यात कार्डावर जसं आहे तसं, अर्धवट असेल तर अर्धवट, लिहून मोकळं व्हावं.

म्हणजे अर्धवट नावामुळे पैसे अडकत नाहीत. 'नाव चुकीचं आहे म्हणून एटीएम पैसे देत नाही' अशी तक्रार घेऊन कुणी आलं, तर कारण दुसरंच निघतं. कार्ड चालू केलेलं नसतं, नाहीतर पिन बनवलेला नसतो.

नाव जिथे माणूस डोळ्यांनी वाचतो, तिथे मात्र फरक पडतो. परदेशात हॉटेलच्या काउंटरवर किंवा भाड्याची गाडी घेताना कार्ड आणि पासपोर्ट शेजारी ठेवून पाहतात. विमानाचं तिकीट ज्या कार्डावर काढलं ते दाखवायला सांगितलं जाऊ शकतं. अशा ठिकाणी मधलं नाव आद्याक्षरात असलं तर कुणी हरकत घेत नाही. आडनाव नसलं तर प्रश्न विचारतात. तुमचं कार्ड फक्त एटीएम आणि किराण्याच्या दुकानात चालणार असेल आणि नाव नुसतं बघायला बरं वाटत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: मुदत संपेपर्यंत वापरा आणि खाली पाचव्या तपासणीत सांगितलेलं काम तेवढं आताच करून ठेवा.

कार्डावर पेनाने आडनाव लिहू नका आणि स्टिकर तर अजिबात चिकटवू नका. स्टिकरने जाडी वाढते आणि कार्ड मशीनमध्ये अडकतं.

दुसरी तपासणी: अक्षरं मोजा

कार्डावरच्या नावाची अक्षरं मोजा, शब्दांमधल्या मोकळ्या जागा धरून. आकडा १९, २१, २४ किंवा २६ च्या आसपास येऊन थांबला आणि पुढचं अक्षर यायला हवं होतं पण आलं नाही, तर कात्री जागेने लावलेली आहे. बारा-पंधरा अक्षरांतच नाव तुटलं असेल तर जागेचा दोष नाही. तेव्हा नाव भरतानाच कुणीतरी कमी भरलंय, सरळ चौथ्या तपासणीकडे जा.

हे आकडे कुठून आले ते कळलं की बँकेशी बोलणं सोपं जातं. २६ हा आंतरराष्ट्रीय मानकातला आकडा. चुंबकीय पट्टीच्या पहिल्या ओळीत एकूण ७९ चिन्हं मावतात. त्यातच कार्डाचा क्रमांक, नाव, मुदत आणि इतर संकेत बसवायचे असतात, आणि नावाला २ ते २६ चिन्हं एवढीच जागा दिलेली आहे. ही ओळ मुळात विमान कंपन्यांच्या संघटनेने तिकिटांच्या कामासाठी आखली होती. पुढे चिप आली तेव्हा तिच्यातल्या नावाच्या रकान्यालाही तोच २६ चा आकडा लागला. चिपमध्ये याहून लांब नावासाठी वेगळा, ४५ चिन्हांपर्यंतचा रकाना मानकात आहे, पण त्याचा आपल्या कार्डावरच्या छापील नावाला उपयोग होत नाही.

मग काही बँका २१ वर किंवा १९ वर का थांबतात? कार्ड ८५.६ मिलिमीटर रुंद असतं. उठावाच्या अक्षरांत नावाच्या ओळीवर एका इंचात दहा अक्षरं बसतात, म्हणजे एका अक्षराला २.५४ मिलिमीटर. २६ अक्षरांना ६६ मिलिमीटर लागले. डावीकडे सात-आठ मिलिमीटर सोडावे लागतात. म्हणजे उजवीकडे जेमतेम बारा उरतात, आणि नेमक्या त्याच कोपऱ्यात रुपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डचं चिन्ह असतं. ते झाकता येत नाही. म्हणून बँक आपल्या कार्डाच्या नक्षीप्रमाणे मर्यादा खाली आणते. २१ अक्षरांना ५३ मिलिमीटर पुरतात आणि चिन्हाला मोकळी जागा राहते.

हल्लीची पुष्कळ डेबिट कार्डं सपाट छपाईची असतात, अक्षरं हाताला लागत नाहीत. तिथे बारीक टाइप वापरून पूर्ण नाव बसवता आलं असतं, हा ग्राहकांचा प्रश्न रास्त आहे. पण कार्ड छापणाऱ्याकडे जाणारी फाइल तीच जुनी आहे. तिच्यात प्रत्येक माहितीला ठरावीक घरं असतात. नावाची घरं संपली की लगेच पुढच्या माहितीची घरं सुरू होतात, त्यामुळे नाव पुढे सरकूच शकत नाही. छपाई बदलली, घरं तेवढीच राहिली.

आता मराठी नावाचं काय होतं ते एका उदाहरणावर पाहू. समजा, नाव आहे ज्ञानेश्वर पांडुरंग क्षीरसागर. देवनागरीत 'क्षीरसागर' पाच अक्षरांत संपतं, रोमन लिपीत दहा लागतात. 'ज्ञानेश्वर' चार अक्षरांचा, तो अकरा घरं खातो. पूर्ण नाव मोकळ्या जागांसकट ३२ होतं. ते २६, २४, २१ आणि १९ च्या मर्यादेत असं कापलं जातं:

```
DNYANESHWAR PANDURANG KSHIRSAGAR
DNYANESHWAR PANDURANG KSHI
DNYANESHWAR PANDURANG KS
DNYANESHWAR PANDURANG
DNYANESHWAR PANDURA
```

चौथी ओळ नीट पाहा. तिथे कापल्याची खूणच राहत नाही. पांडुरंग हेच आडनाव असावं असं वाचणाऱ्याला वाटतं, आणि स्वतः ग्राहकालाही वाटतं की बँकेने आडनाव भरलंच नाही. दुसऱ्या लक्षणाचं कोडं इथे सुटतं. आडनाव कुणी काढलेलं नाही. वडिलांचं नाव संपताना घरंही संपली, एवढंच झालं.

नावाआधी MR लावलं तर मोकळी जागा धरून आणखी तीन घरं जातात. मग २१ मध्ये उरतं ते हे:

```
MR DNYANESHWAR PANDUR
```

उलट, दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे आडनाव आधी लिहून खातं उघडलेलं असेल, तर KSHIRSAGAR DNYANESHWA असं येतं. एक अक्षर कमी, पण आडनाव शाबूत. हे कार्ड मी बदलायला सांगत नाही.

काही बँकांची यंत्रणा थोडी शहाणी असते. नाव बसत नाही असं दिसलं की ती आधी मधलं नाव आद्याक्षरावर आणते, तरी बसलं नाही तर पहिलं नाव. काही यंत्रणा डोळे मिटून शेवटून कापतात. म्हणून एकाच माणसाची दोन बँकांची कार्डं वेगवेगळ्या नावांची निघतात, आणि त्यात कुणाचीच चूक नसते.

तिसरी तपासणी: खात्यात नाव पूर्ण आहे ना?

हीदेखील घरबसल्या होते. मोबाइल बँकिंगमधून खात्याचं स्टेटमेंट पीडीएफमध्ये उतरवून घ्या आणि त्यावरचं नाव वाचा. अॅपच्या पहिल्या पानावरचं नाव पाहून निष्कर्ष काढू नका. तिथे बऱ्याचदा फक्त पहिलं नाव किंवा छोटं केलेलं नाव दाखवतात. पासबुकावरही भिस्त नको, कारण त्याच्या छपाईलाही रुंदीची मर्यादा आहे.

स्टेटमेंटवर नाव पूर्ण असेल, तर दुखणं फक्त कार्डापुरतं आहे. इलाज सोपा, कागदपत्रं बहुतेक लागत नाहीत. स्टेटमेंटवरही नाव अर्धवट असेल, तर ग्राहकाच्या मूळ नोंदीतच गडबड आहे. मग कार्ड बदलून उपयोग नाही. आधी नोंद दुरुस्त करून घ्यायची, कार्ड नंतर.

ही तपासणी मी सगळ्यांना करायला लावतो, कारण पुढचा सगळा रस्ता इथे फुटतो. ती टाळून लोक थेट 'कार्ड बदलून द्या' असा अर्ज देतात. मूळ नोंदीत नाव तुटलेलं असेल तर नवं कार्डही तुटक येणार, हे उघड आहे.

दुकानातल्या मशीनची पावती जवळ असेल तर तीही बघा. कार्ड मशीनमध्ये घालून व्यवहार केला असेल तर काही पावत्यांवर चिपमधलं नाव छापून येतं. तेही कार्डासारखंच तुटलेलं दिसलं, तर फाइल जातानाच नाव कापलं गेलं होतं, छपाईत काही झालं नाही, हे पक्कं होतं. कार्ड टेकवून पैसे दिले असतील तर त्या पावतीवर नाव शोधू नका. बिनस्पर्श व्यवहारात चिप सहसा नाव बाहेर देत नाही.

चौथी तपासणी: अर्जातली चौकोनी घरं

खातं उघडण्याच्या किंवा कार्ड मागण्याच्या अर्जात 'कार्डावर छापायचं नाव' अशी चौकोनी घरांची एक ओळ असते. घरं मोजलीत तर बँकेची मर्यादा तिथेच कळते, कुणाला विचारावं लागत नाही. अर्जाची प्रत किंवा मोबाइलमध्ये काढलेला फोटो असेल तर ती ओळ शोधा.

माझ्या टेबलावर आलेल्या बहुतेक प्रकरणांत ही ओळ रिकामी निघते. वरती पूर्ण नाव भरलंय, मग पुन्हा कशाला, असं वाटून लोक ती सोडून देतात. काही वेळा अर्ज भरून देणाराच ती सोडतो. ओळ रिकामी असली की यंत्रणा खात्यातलं नाव उचलते आणि पहिल्या घरापासून मोजत मर्यादेपाशी थांबते. ऑनलाइन खातं उघडलं असेल तर हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. नाव आधारमधून जसंच्या तसं येतं आणि कार्डावर जाताना कापलं जातं.

दुसरी गोष्ट दिसते ती मोकळ्या जागांची. नाव टंकताना दोन शब्दांत चुकून दोन जागा सुटल्या किंवा सुरुवातीलाच एक सुटली, तर तेवढी घरं वाया जातात. कार्डावर दोन शब्दांमधलं अंतर नेहमीपेक्षा जास्त दिसत असेल तर हे कारण धरून चला.

आणि तुम्ही ओळ नीट भरली होती, नाव बसत होतं, तरी कार्डावर वेगळं आलं, असं असेल तर ती बँकेची चूक आहे. अर्जाची प्रत दाखवा आणि बदलीचं शुल्क लागणार नाही असं लेखी मागा. प्रत नसेल तर बँकेकडे मूळ अर्ज जपून ठेवलेला असतो, तो काढून बघायला सांगा.

पाचवी तपासणी: शाखेत काय विचारायचं

आता शाखेत जायचं. सोबत कार्ड, ओळखपत्र आणि कागदावर लिहून नेलेलं तुम्हाला हवं ते नाव.

काउंटरवर 'माझं नाव दुरुस्त करा' असं म्हणू नका. मोठा घोटाळा याच वाक्याने होतो. समोरच्याला वाटतं खात्यातलं नाव बदलायचंय. मग केवायसीचे कागद मागितले जातात. त्याहून वाईट म्हणजे, मदत करायच्या भरात कुणीतरी खात्यातलंच नाव आखूड करून टाकतो. कार्डावर मग नाव सुबक येतं, पण खात्यातलं नाव पॅन आणि आधारशी जुळेनासं होतं. एप्रिल २०२५ पासून आरटीजीएस किंवा एनईएफटीने पैसे पाठवणाऱ्याला खातेदाराचं नाव आधी पाहता येतं, आणि ते नाव बँकेच्या नोंदीतूनच येतं. तिथे D P KSHIRSAGAR दिसलं की पाठवणारा फोन करून विचारतो, हे खातं तुमचंच ना? कार्डासाठी खात्यातलं नाव कधीही छोटं करू देऊ नका.

म्हणायचं ते असं: "खात्यातलं नाव तसंच राहू द्या. कार्डावर छापायच्या नावाच्या रकान्यात आता काय आहे ते वाचून दाखवा, आणि मर्यादा किती अक्षरांची आहे ते सांगा." हे दोन वेगळे रकाने आहेत. काही बँकांत कार्डाचं नाव कार्डांच्या वेगळ्या यंत्रणेत असतं आणि शाखेच्या पडद्यावर ते दिसत नाही. तेव्हा शाखा कार्ड विभागाला विचारते, उत्तराला एखादा दिवस लागतो.

मर्यादा कळली की नाव तुम्ही ठरवा. माझा क्रम असा: आडनाव पूर्ण ठेवायचं, पहिलं नाव शक्य तोवर पूर्ण ठेवायचं, मधलं आद्याक्षरावर आणायचं, बिरुद काढून टाकायचं. आपल्या उदाहरणात मर्यादा २४ असेल तर हे नाव नेमकं बसतं:

```
DNYANESHWAR P KSHIRSAGAR
```

मर्यादा २१ असेल तर हे बसत नाही. मधलं नाव अजिबात काढलं तरी DNYANESHWAR KSHIRSAGAR २२ होतं, एका घराने हुकतं. इथे लोक हटून बसतात की एक अक्षर इकडेतिकडे करून बसवा, DNYANESHWR लिहा. तसं करू नका. स्पेलिंग बदललेलं नाव पासपोर्टशेजारी चुकीचं दिसतं, आद्याक्षरं मात्र कुणालाही समजतात. २१ च्या मर्यादेत योग्य नाव हे:

```
D P KSHIRSAGAR
```

लग्नानंतर दोन्ही आडनावं लावणाऱ्या बायकांचा प्रश्न थोडा अवघड होतो. SHUBHANGI DESHMUKH SURYAWANSHI हे ३० अक्षरांचं नाव कुठल्याच मर्यादेत बसत नाही. कुठलं आडनाव पूर्ण ठेवायचं, याला माझं उत्तर एकच: पासपोर्टवर आडनावाच्या रकान्यात जे आहे ते. पासपोर्ट नसेल तर पॅनवरचं शेवटचं. इथे माहेर-सासरचा वाद काउंटरवर घालण्यात अर्थ नाही. कार्ड जिथे ओळखपत्राशेजारी ठेवलं जाणार, तिथे ते जुळलं पाहिजे.

ठरलेलं नाव रकान्यात भरलं गेलं, की पडद्यावर पुन्हा वाचून घ्या. सुरुवातीला मोकळी जागा नाही आणि दोन शब्दांत एकच जागा आहे, एवढं पाहिलंत की पुरे.

सहावी तपासणी: नवं कार्ड, पण या क्रमानेच

सगळ्यात खर्चिक आणि कटकटीचं काम हे, म्हणून इतक्या उशिरा आलं.

छापलेलं कार्ड दुरुस्त होत नाही. नाव बदलायचं म्हणजे दुसरं कार्ड. बदलीचं शुल्क प्रत्येक बँकेचं वेगळं असतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. ते खात्यातून वळतं होतं. विचारून घ्या, म्हणजे स्टेटमेंट पाहून दचकायला नको.

क्रम महत्त्वाचा. आधी रकान्यातलं नाव बदलायचं, ते बदललेलं दिसलं की मगच बदली कार्डाची मागणी टाकायची. बदली कार्ड जुन्या कार्डाच्या नोंदीवरून बनतं. मागणी आधी गेली आणि नाव नंतर बदललं, तर फाइल जुनं नाव घेऊन निघून गेलेली असते. अॅपमधून स्वतःच 'कार्ड बदला' दाबणाऱ्यांचं असंच होतं. अॅप नाव विचारत नाही, जुनंच उचलतं. पंधरा दिवसांनी तेच तुटकं नाव नव्या प्लास्टिकवर घरी येतं आणि शुल्कही गेलेलं असतं.

मुदत संपल्यावर आपोआप येणाऱ्या कार्डाचंही तसंच आहे. ते मुदतीच्या महिन्याच्या आधीच छापून निघतं. कार्डाची मुदत चार-सहा महिन्यांत संपत असेल, तर आत्ता शुल्क भरून बदली घेऊ नका. फक्त रकान्यातलं नाव आत्ताच बदलून ठेवा, पुढचं कार्ड बहुतेक ठिकाणी फुकट आणि नीट नावाचं येईल.

बदली घेतलीत तर पुढची तयारी ठेवा. जुनं कार्ड बंद होतं आणि नव्याचा क्रमांक साधारणपणे वेगळा असतो. जुन्या कार्डावर लावलेल्या दरमहाच्या वर्गण्या आणि खरेदीच्या अॅपमध्ये जपून ठेवलेलं कार्ड पुन्हा जोडावं लागतं. पिन नव्याने करायचा. २०२० पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांतल्या मशीनसाठी चालू असतं. ऑनलाइन, टेकवून द्यायचे आणि परदेशातले व्यवहार तुम्हाला अॅपमधून किंवा एटीएमवर स्वतः सुरू करावे लागतात. हे ठाऊक नसलं की 'नाव बदललं आणि कार्डच बिघडलं' अशी नवी तक्रार तयार होते. परदेशप्रवास तोंडावर असेल तर निदान महिनाभर आधी हे काम उरका. कार्ड पोस्टाने येतं आणि पत्ता जुना असेल तर परत जातं.

इथे थांबा, आणि कुणाकडे जायचं

तीन प्रसंगांत स्वतः खटपट करण्यात अर्थ नाही.

एक, स्टेटमेंटवरच नाव चुकलेलं किंवा तुटलेलं आहे, किंवा सहाव्या लक्षणाप्रमाणे स्पेलिंगच वेगळं आहे. हे केवायसीचं काम. आधार आणि पॅनवर नाव एकसारखं असेल तर शाखा त्यावरून नोंद दुरुस्त करते. त्या दोन्हींतच फरक असेल तर आधी ते दोन जुळवून घ्या, बँक मधला रस्ता काढू शकत नाही. नाव लग्नाने किंवा अर्ज करून बदललं असेल तर विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद लागते. राजपत्राचं काम पहिल्यांदाच करत असाल तर सेतू केंद्रात किंवा वकिलाकडे विचारून करा. तिथली एका अक्षराची चूक निस्तरणं कार्डापेक्षा कितीतरी जड जातं.

दोन, रकान्यात नाव बरोबर आहे, वाचून घेतलंय, तरी छापून चुकीचंच आलं. मग दोष शाखा आणि छापखाना यांच्यामधल्या फाइलमध्ये आहे. काउंटरवरचा माणूस तो दुरुस्त करू शकत नाही. तिसरं कार्ड मागवू नका. लेखी तक्रार द्या, तक्रार क्रमांक घ्या आणि ती कार्ड विभागाकडे पाठवायला सांगा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते, शुल्क लागत नाही. चौकशीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

तीन, कुणी स्वतःहून फोन करून म्हणालं, की तुमच्या कार्डावर नाव अर्धवट आहे, दुरुस्त करतो, कार्डाचा फोटो किंवा ओटीपी पाठवा. फोन ठेवा. नाव बदलायला ओटीपी सांगावा लागत नाही, कार्डाच्या मागचे तीन आकडेही लागत नाहीत. माहिती आधीच दिली गेली असेल तर पहिल्यांदा अॅपमधून कार्ड बंद करा, मग बँकेला कळवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार नोंदवा.